पाच बोटं विसरा, आधी हात काढा!

आधीच सांगून टाकते की माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पदरात घ्याव्यात. पण जो विषय सांगायचाय, तो मला मराठीतच कळला, आणि तोही माझ्या आजीमुळे. म्हणून हा लेख इंग्लिश सेक्शनला न देता इकडे दिला.

तर झालं असं. गॅदरिंगसाठी मी अठरा सेकंदांची एक अ‍ॅनिमेशन क्लिप केली होती. हाताने काढलेली, कागदावर. होस्टेलच्या टेबलावर काच, काचेखाली एलईडीची पट्टी, वर मोबाईल टांगलेला. गोष्ट अगदी साधी. आजी गावाकडे परत निघालीय. सेंट्रल बस स्टँडवर कंडक्टर तिला बोटाने सिल्लोडची गाडी दाखवतो. आजी आत चढते, वरची दांडी पकडते, गाडी हलते. मग खिडकीतून ती नातवाला टाटा करते आणि गाडी फाटकातून बाहेर पडते. बस्स. माझ्या धाकट्या भावाला आणि मला दर सुट्टीच्या शेवटी दिसणारं हे दृश्य, म्हणून तेच घेतलं.

गॅदरिंगला क्लिप दाखवली तेव्हा कंडक्टरच्या सीनला पोरं हसली. मला वाटलं, वा, जमलंय! नंतर कळलं की कंडक्टरने आजीवर पिस्तूल रोखलंय, असं त्यांना वाटलं होतं. तेही चाललं असतं. पण दिवाळीला घरी गेल्यावर मी मोठ्या हौसेने ती क्लिप आजीलाच दाखवली. तिने चष्मा पुसून नीट पाहिली आणि शेवटी विचारलं, "काहून गं, मी त्या पोराला येऊ नको म्हणू राहिले का?"

माझा टाटा तिला 'नको' दिसला होता. आणि खरं सांगते, तिने म्हटल्यावर मलाही तो तसाच दिसायला लागला. अख्खी क्लिप ज्या एका हातासाठी केली होती, तो हात नेमका उलटं बोलत होता.

त्यानंतरचे चार महिने मी फक्त हात काढले (आणि एक विषय मागे राहिला, ते घरी सांगू नका). त्यातून जे कळलं ते असं की अ‍ॅनिमेशनमधला हात बिघडतो तो बहुतेक वेळा बोटं नीट काढता येत नाहीत म्हणून नाही. आपण बोटं फार लवकर काढतो, म्हणून तो बिघडतो.

आपण इंजिनिअर लोक हाताकडे कसे बघतो? हाडं सत्तावीस. अंगठ्याला दोन पेरं, बाकीच्या चार बोटांना तीन-तीन, म्हणजे बोटांचीच हाडं चौदा. डिग्रीज ऑफ फ्रीडम वीसच्या वर. आपल्याला वाटतं, इतकं सगळं हलतं तर इतकं सगळं काढलं पाहिजे. मीही तेच केलं. प्रत्येक चित्रात पाचही बोटं, प्रत्येक पेर, नखंसुद्धा. पण बघणाऱ्याकडे वेळ किती असतो? सेकंदाला २४ फ्रेम्स, आणि दोन फ्रेमला एक चित्र या हिशोबाने सेकंदाला १२ चित्रं. कंडक्टरचा हात वर येऊन स्थिर होईपर्यंत माझ्याकडे जेमतेम पाऊण सेकंद होता. त्यात तो हात कागदावर दोन सेंटिमीटरचा. दोन सेंटिमीटरात चौदा पेरं काढली की जे तयार होतं त्याला हात म्हणत नाहीत, जाळी म्हणतात. शिवाय प्रत्येक चित्रात बोटांमधल्या रेघा केसभर इकडेतिकडे सरकतात आणि चालवून बघितलं की हातावर मुंग्या चालल्यासारखं दिसतं.

यावरचा उपाय जुना आहे. हाताचे तीनच ढेकूळ करायचे. पहिला तळहात. तो जाड पाटीसारखा, मनगटाकडे थोडा अरुंद आणि बोटांकडे रुंद. दुसरा म्हणजे चारही बोटं मिळून एक पिशवी. ओव्हनमधून गरम भांडं काढायला जो जाड मोजा वापरतात ना, तशी. आणि तिसरा अंगठा, पण तो नुसती काडी म्हणून नाही. मनगटापासून निघणाऱ्या मांसल उंचवट्यासकट एक पाचर म्हणून. तुमचा हात टेबलावर सैल ठेवून बघा. चारही बोटांची नखं साधारण एकाच दिशेला असतात आणि अंगठ्याचं नख मात्र भलतीकडे, बाजूला वळलेलं. अंगठा वेगळ्याच पातळीत काम करतो, म्हणून तो पिशवीत घालता येत नाही.

पिशवी दुमडते ती दोन ठिकाणी. एकदा बोटांच्या मुळाशी आणि एकदा बोटांच्या मध्यावर. मुळाची ही घडी सरळ रेघेत नसते, कमानीत असते. मूठ वळून बघा, मधल्या बोटाचं हाड सर्वांत पुढे येतं आणि करंगळीकडे उतार होतो. मी ही कमान सरळ काढायचे, म्हणून माझे हात फुटपट्टी जोडल्यासारखे दिसायचे. आणखी एक गंमत आहे. तुमचं मधलं बोट तळहाताच्या बाजूने मापा आणि मग मागच्या बाजूने, हाडाच्या उंचवट्यापासून मापा. मागून ते बरंच लांब निघेल. कारण बोटांमधली कातडी पुढून पहिल्या पेराच्या साधारण मध्यापर्यंत येते, आणि खरा सांधा तिच्या बराच मागे असतो. हे माहीत नसलं की हात वळवताना बोटं मध्येच आखूड-लांब होतात आणि आपण डोकं खाजवत बसतो.

आता कंडक्टरचं पिस्तूल. त्याची गोष्ट लवकर संपते. बोट दाखवायचं म्हणजे पिशवीतून फक्त तर्जनी बाहेर काढायची. उरलेली तीन बोटं एकच गोळा, त्यात रेघ नको. मी ती तिन्ही बोटं वेगवेगळी वळवून काढली होती, आणि अंगठा उभा ठेवला होता. आडवी तर्जनी आणि उभा अंगठा म्हणजे लहानपणी आपण ठो-ठो खेळायचो तोच आकार झाला की! अंगठा त्या गोळ्यावर आडवा टेकवला आणि पिस्तूल गायब.

पण नुसता आकार बदलून भागलं नाही. माझ्या कंडक्टरची तर्जनी हात वर येतानाच ताठ होती, म्हणजे बोट काठीसारखं अर्ध्या पडद्यावरून फिरत येत होतं, आणि वाटेत जे जे येईल ते ते दाखवत होतं. नव्या चित्रांत हात निघताना नुसती सैल पिशवी आहे. आधी तो थोडा मागे, छातीकडे येतो, मग तीन चित्रांत पुढे जातो, आणि तर्जनी फक्त शेवटच्या दोन चित्रांत सरळ होते. कोपर, मनगट, बोट हे एका रेषेत आले की ती रेषा थेट गाडीवर जाते. मग बारा फ्रेम्स, म्हणजे अर्धा सेकंद, हात तिथेच थांबवायचा. माझ्या पहिल्या क्लिपमध्ये तो चारच फ्रेम्स थांबत होता. तेवढ्यात प्रेक्षकाचा डोळा बोटाच्या टोकावरून गाडीपर्यंत पोचतच नाही.

एक गोष्ट आपल्याकडची. 'बोट दाखवणं' म्हणजे आपल्या भाषेत दोष देणं. वयस्कर माणसाला वाट दाखवताना पुष्कळ लोक अख्खा पंजा वापरतात. म्हणजे पिशवी बंदच ठेवतात! मी शेवटी कंडक्टरला तर्जनीच ठेवली, कारण गाड्यांच्या रांगेतली नेमकी एक गाडी दाखवायची होती. पण ते बोट आजीच्या अंगावरून फिरत नाही, एवढं पाहिलं.

आता टाटा. यात मी सर्वांत जास्त कागद फाडले.

पहिल्या क्लिपमध्ये आजीचा हात छातीच्या उंचीवर होता, खिडकीच्या गजांमागे. कोपर स्थिर. पंजा पुढे, पाचही बोटं फाकलेली, आणि मनगटातून हात गाडीच्या वायपरसारखा चटचट डावी-उजवीकडे. आता तुम्ही खरोखर कुणाला 'नको नको, वाढू नका' म्हणता तेव्हा काय करता? अगदी हेच! छातीपाशी हात, पंजा समोर, कोपर हलत नाही, छोट्या आणि घाईच्या हालचाली. मी पंगतीतला 'नको' काढून ठेवला होता आणि त्याला टाटा समजत होते.

फरक कुठे आहे हे शोधायला मी स्टँडवर जाऊन बसले. दोन संध्याकाळी, शेंगदाणे खात. लोक निरोप देताना हात खांद्याच्या वर नेतात, पुष्कळदा डोक्याच्याही वर, कारण तो लांबून दिसायला हवा असतो. हालचाल मनगटातून सुरू होत नाही, कोपरातून होते. पुढचा हात झुलतो आणि पंजा त्याच्या मागून येतो. वाऱ्यात फांदी आणि पान हलतं ना, तसं. फांदी उजवीकडे निघाली तरी पान क्षणभर डावीकडेच कललेलं असतं. फांदी थांबली की पान तिच्या पुढे जातं.

हे पिशवीनेच दाखवता येतं, पाच बोटांनी नाही. माझ्या नव्या टाटाचा हिशोब असा. एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जायला आठ फ्रेम्स, म्हणजे चार चित्रं. पूर्ण फेरा सोळा फ्रेम्सचा. पहिल्या चित्रात पुढचा हात उजवीकडे निघतो, पण बोटांची पिशवी अजून डावीकडे वाकलेली. दुसऱ्यात हात मध्यावर आलाय, पिशवी जेमतेम सरळ व्हायला लागलीय. तिसऱ्यात हात जवळजवळ पोचलाय, आणि पिशवी सरळ. चौथ्यात हात थांबलाय आणि पिशवी उजवीकडे झुकून पुढे गेलीय. परत येताना याच्या उलट. बोटांच्या मधल्या रेघा या चारांपैकी पहिल्या तीन चित्रांत काढायच्याच नाहीत. चौथ्यात, जिथे हात क्षणभर थांबतो तिथे, पिशवी थोडी उघडायची.

उघडायची म्हणजे कशी? यातही मी आधी गाढवपणा केला. चार बोटांमध्ये तीन सारख्या फटी ठेवल्या आणि हात दाताळ्यासारखा दिसायला लागला. सैल हातात बोटं सारख्या अंतरावर नसतातच. मधलं बोट आणि अनामिका जोडीने राहतात. तर्जनी एका बाजूला जरा सुटते आणि करंगळी दुसऱ्या बाजूला. म्हणजे पिशवीचे दोन कोपरे उघडायचे आणि मधला मोठा तुकडा अखंड ठेवायचा. एवढ्याने माणसाला पाच बोटं 'दिसतात'. काढलेली नसतात तरी.

आणि वेग महत्त्वाचा. तोच आकार, तीच उंची, पण फेरा सोळाऐवजी आठ फ्रेम्सचा केला तर आजी निरोप देत नाही, मदतीला बोलावतेय असं वाटतं. (हे मी मुद्दाम करून पाहिलं. रूममेट म्हणाली, "आग लागली का गाडीला?") शिवाय गाडी लांब जाते तसा टाटा लहान होत गेला पाहिजे. पहिले दोन फेरे मोठे, तिसरा अर्धा, आणि मग हात नुसता वर राहिलेला. सारख्या मापाचे फेरे चालू ठेवले की हात मशीनला जोडलेला वाटतो.

अजून एक धोका आहे, तो खास आपला. आपल्याकडे कुणाला 'इकडे ये' म्हणायचं तर पंजा खाली करून बोटं मुळातून आत-बाहेर हलवतात. लहान मुलं टाटा करताना पंजा समोर धरून बोटं मुळातूनच उघड-मीट करतात. पिशवीची घडी तीच, फक्त पंजाची दिशा वेगळी. म्हणून भावाचा टाटा काढताना पंजा जराही खाली झुकू दिला नाही. नाहीतर आजी गाडीतून उतरून परत आली असती.

पकडण्याचं प्रकरण वेगळं आहे. तिथे आकार वाचता येणं पुरत नाही, वजन पटावं लागतं. पहिल्या क्लिपमध्ये मी आधी हात काढला होता आणि मग त्यातून दांडी ओढली होती. परिणाम असा की हात दांडीवर फेविकॉलने चिकटवल्यासारखा. आता मी दांडी आधी काढते, आरपार, हाताच्या मागचा भागसुद्धा. मग तिच्यावर पिशवी गुंडाळते. पिशवी एका बाजूने वरून येते, अंगठ्याची पाचर दुसऱ्या बाजूने येऊन तिला कुलूप लावते. बोटांची टोकं दांडीच्या मागे लपतात. जे लपलं पाहिजे ते दाखवायचा मोह झाला की पकड गेलीच समजा. मिटताना आधी पिशवी बंद होते, अंगठा एक चित्र उशिरा. आणि दांडी तळहातात काटकोनात बसत नाही, तिरपी बसते, म्हणून वळलेल्या बोटांच्या हाडांचा एक उतरता जिना दिसतो. तो जिना एका तिरप्या रेघेत काढला की झालं. बोटं वेगळी करणाऱ्या तीन छोट्या रेघा फक्त हात स्थिर झाल्यावर.

पण माझी खरी चूक वेगळीच होती. गाडीला धक्का बसतो तेव्हा मी अंदाजाने काढल्यामुळे हात दांडीवर प्रत्येक चित्रात दोन-तीन मिलिमीटर सरकत होता. एकेका चित्रात हे कळत नाही. चालवून पाहिलं की आजी दांडी पुसतेय असं वाटतं! म्हणून आता दांडीवर पेन्सिलने एक फुली मारते आणि तर्जनीच्या हाडाचा उंचवटा प्रत्येक चित्रात त्याच फुलीवर बसवते. हलायचं ते बाकीचं सगळं. गाडी पुढे निघते, शरीर मागे राहतं, कोपर सरळ होतं, मनगट ताणलं जातं, जिन्याचा कोन बदलतो. मुठीची जागा मात्र हलत नाही. आजी पडत नाही ती तेवढ्यामुळे.

हे सगळं जमलं की नाही ते ओळखायची माझी एकच कसोटी आहे. मोबाईलवर हाताचं चित्र आतून पूर्ण काळं भरायचं आणि ज्याला गोष्ट माहीत नाही अशाला एक सेकंद दाखवून विचारायचं, "काय चाललंय?" माझ्या जुन्या टाटाला मेसमधल्या सात जणांपैकी पाच जण 'नको' किंवा 'थांब' म्हणाले. बाह्यरेषेत जे नाही ते आतल्या रेघांनी सांगता येत नाही. मिकी माऊसला १९२९ मध्ये पांढरे हातमोजे आले, कारण काळ्या अंगावर काळे हात हरवत होते असं सांगतात. तीन बोटं आणि अंगठा ठेवला त्यामागे पाच बोटं केळ्याच्या घडासारखी दिसतात असं डिस्नेचं म्हणणं होतं, असंही सांगतात. मला यात पैसे वाचवण्याचाही भाग दिसतो. पण हात वाचता येत होता, हे तर खरं ना?

आता वादाचा मुद्दा. माझा एक वर्गमित्र थ्रीडी करतो. त्याचं म्हणणं, "तू कागदावर काढतेस म्हणून तुला शॉर्टकट लागतो. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पेराला हाड असतं, हवं तसं हलवा." त्याने मला त्याचा हात दाखवला. प्रत्येक पेर खरोखर वेगळं हलत होतं, आणि सगळं मिळून उलटा पडलेला खेकडा दिसत होता. कारण त्याने प्रत्येक बोटाला वेगळा विचार दिला होता, आणि हाताला एकच विचार असतो. मी त्याला म्हटलं, आधी चारही बोटं एकाच कंट्रोलला बांध, त्यावर टाटा कर, मग शेवटी तर्जनी आणि करंगळी थोडी सोड. बोटं जास्त असणं हा त्याचा प्रॉब्लेम नाही. कुठलं बोट कधी गप्प बसवायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. (त्याने ऐकलं, पण मान्य केलं नाही.)

दुसरा आक्षेप जास्त लागला. "हे म्हणजे कार्टून झालं. कलेत असं चालत नाही." म्हणून मी एका रविवारी आजीच्याच रस्त्याने, फुलंब्री-सिल्लोडमार्गे, अजिंठ्याला गेले. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातला पद्मपाणी आपण सगळ्यांनी शाळेच्या ट्रिपमध्ये बघितलाय आणि सगळ्यांनी त्याचे डोळेच बघितलेत. यावेळी मी फक्त हात बघितला, ज्यात कमळ आहे तो. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला हा चित्रकार बोटं नीट मोजून काढतो, कार्टून करत नाही. पण पेरांच्या गाठी तो जवळजवळ पुसून टाकतो. बोटं एकामागून एक एकाच वळणात जातात, आधी ते वळण दिसतं आणि मग बोटं. इतक्या हलक्या पकडीतही कमळ धरलंय याची शंका येत नाही. मंद उजेडात, दुरूनसुद्धा.

आणि गंमत म्हणजे आपल्या देशातल्या अ‍ॅनिमेशनची एक सुरुवात याच भिंतींवरून झालीय. फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबईच्या कार्टून युनिटला शिकवायला १९५६ मध्ये क्लेअर वीक्स नावाचे डिस्नेमधले अ‍ॅनिमेटर आले होते, ज्यांनी 'बॅम्बी' आणि 'पीटर पॅन'वर काम केलं होतं. तिथे १९५७ मध्ये 'द बनियन डिअर' ही जातककथेवरची फिल्म तयार झाली, आणि तिचं रूप अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेलं होतं. राम मोहन याच युनिटमध्ये तयार झाले. हरणांना बोटं नसतात ही त्या गोष्टीतली सोय म्हणायची, पण राजा आहेच.

पिशवी सगळीकडे चालते असा माझा दावा नाही. तबला वाजवणारा हात, सुईत दोरा ओवणारा हात, गजरा गुंफणारा हात, तिथे बोटांनाच काम असतं. भरतनाट्यमच्या मुद्रा किंवा मूकबधिरांची खूणभाषा तर विचारायलाच नको. तिथे एक बोट चुकलं तर शब्द बदलतो. हात पडद्याच्या निम्म्याहून मोठा दिसणार असेल तरी पिशवी उघडी पडते. अशा वेळी मीही बोटं काढते, पण पिशवी आधी काढून तिच्यातून. आणि दाखवणं, निरोप देणं, पकडणं, ही जी कामं हात दिवसभर करतो, तिथे मात्र मी आता ऐकणार नाही.

मार्चमध्ये नवी क्लिप पूर्ण झाली. अठराऐवजी एकवीस सेकंद, कारण टाटाला वेळ लागतो. रविवारी घरी जाऊन आजीला मोबाईल दिला. तिने चष्मा पुसला, दोनदा पाहिली, आणि म्हणाली, "सिल्लोडची गाडी एवढी रिकामी कधी असती का गं? मला खिडकी कशी काय भेटली?"